चारशे खुर्च्यांनी भागू नका

‘आमच्या मंडळाने मार्गशीर्षात अहिराणी गाण्यांचा आणि वहीगायनाचा कार्यक्रम ठरवला आहे. कार्यक्रमानंतर सगळ्यांना भरीत-पुरीचं जेवण, ही आमची जुनी पद्धत. सभागृह चारशे खुर्च्यांचं आहे. भाडं वीज-सफाई धरून २०,००० आणि बयाणा २,००० दिला आहे. कलावंतांचं मानधन २८,०००, त्यांचा प्रवास ६,०००, ध्वनी-प्रकाश १४,०००, जनरेटर ४,०००, सजावट-छपाई ६,०००, किरकोळ २,००० असे एकूण ८०,००० होतात. ताट ११० रुपयांचं, चहा-पाणी १०. मी सगळा खर्च मिळवून चारशेने भागला, तर तिकीट ३२० येतं. अध्यक्ष म्हणतात, २०० च ठेवा, स्वस्त असलं की लोक जास्त येतील, आपण काही धंदा करत नाही. गेल्या वर्षी २०० च होतं. २२० तिकिटं खपली, ४० पास होते, आणि ३८,००० कमी पडले ते तिघांनी पदरचे घातले. या वर्षी मी खजिनदार आहे. २०० ठेवू की ३२०?’
— एक वाचक, जळगाव जिल्हा

ताई,

खर्चाची यादी तुम्ही नीट मांडली आहे, म्हणून उत्तर देणं सोपं गेलं. पण २०० आणि ३२० या दोन्ही आकड्यांत मला तूट दिसते. ती कुठून येते ते आधी बघू.

तुमच्या यादीत दोन जातींचे खर्च आहेत. ८०,००० हा ठरीव खर्च. सभागृहात दहा माणसं आली काय किंवा चारशे आली काय, तो तेवढाच राहणार. ताट आणि चहा मिळून १२० हा माणशी खर्च. माणूस आला की तो लागतो, नाही आला तर लागत नाही. याचा अर्थ असा की २०० रुपयांचं तिकीट विकलं गेलं तरी सभागृहाच्या भाड्यासाठी २०० रुपये येत नाहीत. त्यातले १२० त्याच माणसाच्या ताटात जातात आणि भाडं, मानधन, ध्वनी या सगळ्यांसाठी ८० उरतात. आता ८०,००० ला ८० ने भागा. हजार तिकिटं विकावी लागतील, आणि खुर्च्या आहेत चारशे.

अध्यक्षांना हाच एक भागाकार कागदावर करून दाखवा. ‘स्वस्त असलं की लोक जास्त येतील’ हे त्यांचं म्हणणं खरंही असेल. पण सभागृह तुडुंब भरलं, एकही पास दिला नाही, तरी चारशे माणसांमागे ८० प्रमाणे ३२,००० जमतील आणि ४८,००० कमी पडतील. गर्दीने ही तूट भरून येणार नाही, कारण प्रत्येक नवा माणूस आपलं ताटही सोबत आणतो.

आता तुमचे ३२०. भागाकार बरोबर आहे, फक्त भागलं ते चुकीच्या संख्येने. चारशे हा खुर्च्यांचा आकडा आहे, तिकीट काढणाऱ्यांचा नाही. ३२० मधून १२० गेले की २०० उरतात, म्हणजे ८०,००० उभे करायला बरोबर चारशे तिकिटं खपली पाहिजेत, एकसुद्धा कमी नाही, आणि पास एकही नाही. गेल्या वर्षीइतकीच २२० खपली तर ४४,००० जमतील. ४० पासवाल्यांची ताटं आणि चहा मिळून ४,८०० वेगळे लागतील. म्हणजे तूट ४०,८००. गेल्या वर्षीपेक्षा तिकीट १२० रुपयांनी वाढवूनही तूट वाढलेलीच, आणि वर ‘तिकीट वाढवलं’ म्हणून बोल खजिनदाराला.

म्हणून भागायचं ते मागच्या अनुभवावरून जेवढी माणसं पैसे देतील असं वाटतं त्या संख्येने. तुमच्याकडे २२० हा खरा आकडा आहे, तो सोडू नका. त्याने भागलं तर सगळं आहे तसं ठेवून, जेवणासकट तिकीट ५०५ रुपयांच्या आसपास जातं. ‘इतलं महाग तिकीट कोन ली?’ असं गावातलं कोणीही विचारेल, आणि त्याचं बरोबरच असेल. पण तुमच्या आजच्या आखणीची खरी किंमत ती आहे. तिकिटाचा आकडा खाली आणायचा तर आधी आखणी बदलावी लागेल.

पहिला बदल जेवणाचा. भरीत आणि गाणी एकाच तिकिटात बांधू नका. पद्धत मोडा असं मी म्हणत नाही. मार्गशीर्षातल्या थंडीत, तुराट्यांच्या जाळावर भाजलेली ती लांब हिरवी वांगी, कांद्याची पात, ठेचलेली मिरची आणि शेंगदाणे, हे खाल्ल्याशिवाय खानदेशात कार्यक्रम झाला असं कोणाला वाटणार? पण जेवणाचं कुपन वेगळं काढा, १३० रुपयांचं, आणि ते चार दिवस आधीच घ्यायचं असा नियम ठेवा. आचारी ताटांचा आकडा आधी मागतो, आणि सांगितलेल्या ताटांचे पैसे ती उठली नाहीत तरी द्यावे लागतात. समजा तुम्ही १५० ताटं सांगितली, तर १६,५०० द्यायचे आहेत. १३० ची १२७ कुपनं खपली की ते निघतात. वरचे २० रुपये नफ्यासाठी नाहीत, न खपणाऱ्या ताटांसाठी आहेत. आचाऱ्याकडून ताटाचा दर आजच लेखी घ्या. चंपाषष्ठीला भरिताचा नैवेद्य असतो, त्या सुमारास भरिताच्या वांग्याला मागणी चढते, आणि ‘वांगं महागलं, ताट १२५ ला पडेल’ असा निरोप नेमका आदल्या दिवशी येतो.

जेवण बाहेर काढलं की पासांचं दुखणंही हलकं होतं. आज तुमच्या एका पासची किंमत १२० रुपये आहे, मग ती फक्त १० राहील. पास म्हणजे फुकट, ही समजूत फार महागात पडते. आमच्या गावच्या मंडळात आम्ही एका वर्षी नव्वद पास वाटले होते, जेवणासकट. देणाऱ्यालाही छान वाटतं, घेणाऱ्यालाही. त्या रात्री पासवाले पुढे बसले, आधी उठले, आधी जेवले. साडेदहाला भरिताचं पातेलं खरवडलं गेलं तेव्हा हातात तिकीट घेतलेल्या पंधरा-वीस बाया पंगतीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांच्यातली एक वयस्कर बाई काही न बोलता तिकिटाची घडी घालून कनवटीला लावत निघून गेली. ती पुन्हा आमच्या कार्यक्रमाला आली नाही. तेव्हापासून मी पास मोजून देतो आणि पासावर कधीच जेवण देत नाही. तुम्हीही पास २५ वर थांबवा.

यादीत एक खर्च राहिला आहे, तो इथेच सांगतो. कलावंत आणि रात्री उशिरापर्यंत राबणारे कार्यकर्ते जेवणार आहेत. बारा कलावंत आणि पंधरा कार्यकर्ते धरले तर २७ ताटांचे साधारण ३,०००. ही ताटं किती तिकिटं खपली यावर अवलंबून नाहीत, म्हणून ती ठरीव खर्चात घ्या. तुमचा खरा ठरीव खर्च ८३,००० आहे.

दुसरा बदल देणग्यांचा. तुमच्या पत्रात त्या कुठेच नाहीत. कदाचित कार्यक्रमानंतर तूट पडली की मागू, असं मनात असेल. उलट करा. तिकिटाचा दर ठरण्याआधी मागा, आणि मोघम पैसे न मागता एकेक वस्तू मागा. गावातल्या सराफाला, जिनिंगवाल्याला, केळीच्या व्यापाऱ्याला ‘मंडळाला मदत करा’ म्हटलं तर पाचशेची पावती फाडतो. ‘ध्वनी-प्रकाश तुमच्याकडून, १४,०००, मंचावर आणि पत्रिकेवर तुमचं नाव’ म्हटलं तर विचार करतो, कारण आपण नेमकं काय दिलं हे त्याला चार लोकांना सांगता येतं. तसंच सजावट-छपाई एकाकडून, कलावंतांचा प्रवास एकाकडून. हे तीन मिळाले तर २६,००० झाले आणि ठरीव खर्च ५७,००० वर आला. मात्र ‘बघू, देऊ’ हा शब्द हिशेबात धरू नका. चेक हातात आला किंवा वस्तूचं बिल त्यांनी थेट भरलं, तेवढंच धरा.

आता मोठ्या सभागृहातच राहिलात आणि जेवणाशिवायचं तिकीट ३०० ठेवलंत, तर चहाचे १० जाऊन २९० उरतात आणि १९७ तिकिटांत ५७,००० निघतात. गेल्या वर्षीच्या २२० पेक्षा हे कमी आहे, म्हणजे जमण्यासारखं आहे. पण ३०० ला काही नेहमीची माणसं गळतील, आणि देणगीतला एक जरी मागे सरला तरी श्वास अडकेल. तिन्ही देणग्या बुडाल्या तर २८७ तिकिटं लागतील, आणि तेवढी तुमची आजवर कधी खपल्याचं पत्रात दिसत नाही.

म्हणून मला सर्वांत जास्त प्रश्न पडला तो सभागृहाबद्दल. गेल्या वर्षी पासांसकट २६० माणसं होती. मग चारशे खुर्च्या कशासाठी? गावातल्या एखाद्या शाळेचं किंवा समाजाचं अडीचशे खुर्च्यांचं सभागृह सहा हजारांत मिळत असेल, तर भाड्यातच १४,००० वाचतात. देणग्या धरून ठरीव खर्च ४३,००० होतो. तिकीट २५० ठेवलं तर प्रत्येकी २४० उरतात आणि १८० तिकिटांत सगळं निघतं. वहीगायनालाही ते चांगलं. डफाची थाप आणि पुढच्याने म्हटलेली ओळ मागच्यांनी उचलण्यातली ती चढाओढ जवळ बसून ऐकायची गोष्ट आहे. अर्ध्या रिकाम्या मोठ्या सभागृहात ती भिंतीला जाऊन विरते.

‘पण बयाणा दिलाय’ असं समितीत नक्की निघेल. पावतीवर परताव्याची अट काय लिहिली आहे ते बघा. अगदी सगळाच बुडाला तरी ते २,००० दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत. ठरीव खर्च ४५,००० धरा, १८० ऐवजी १८८ तिकिटं लागतील. आठ तिकिटं जास्त विकणं हे १४,००० जास्त भाडं देण्यापेक्षा सोपं आहे. लहान सभागृह घेताना मात्र भाडं किती तासांच्या सत्राचं आहे ते विचारा. ध्वनीची जोडणी करायला दुपारी दार उघडतील का, आणि जेवणानंतर आवरायला उशीर झाला तर पुढच्या सत्राचे पैसे लावतील का? हे आधी न विचारल्यामुळे सहा हजारांचे नऊ हजार होतात.

अध्यक्षांच्या २०० चा आग्रह मी उडवून लावत नाही. लहान सभागृहात त्यांचा आकडाही तपासला. २०० मधून १० गेले, १९० उरले, बयाणा परत मिळाला तरी ४३,००० साठी २२७ तिकिटं लागतात. त्यात २५ पास मिळवले की २५२ माणसं, आणि खुर्च्या अडीचशे. सगळं मनासारखं घडलं तरी दोन खुर्च्या कमीच. हे त्यांना सांगताना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नका. सगळ्यांना यायला मिळावं ही त्यांची इच्छा रास्त आहे. फक्त त्यासाठी प्रत्येकाचं तिकीट स्वस्त करणं ही महागडी वाट आहे, कारण ज्याला २५० सहज परवडतात त्यालाही तुम्ही सूट देता.

ज्यांना खरंच परवडत नाही त्यांच्यासाठी वीस खुर्च्या वेगळ्या ठेवा, ५० रुपयांत. गावातल्या शाळेच्या शिक्षकांकडून, महिला बचत गटाकडून आधी नावं घ्या. जेवण वेगळं असल्यामुळे अशा खुर्चीवर तुमचे १० रुपयेच खर्च होतात आणि ४० उरतात. एरवी रिकामी राहिली असती त्या खुर्चीतून एवढं मिळालं तरी नुकसान नाही. १८८ तिकिटं, २५ पास आणि या २० खुर्च्या मिळून २३३ होतात, सगळे बसतात. मात्र कार्यक्रमाच्या संध्याकाळी दारावर ‘राहिलेली तिकिटं शंभरला’ असं कधीही करू नका. त्या दिवशी चार पैसे जास्त येतील, पण पुढच्या वर्षी अर्धा गाव दारावरच्या भावाची वाट बघेल आणि आठवडा आधी तुमच्या हातात काहीच आकडा नसेल.

तो आठवडा आधीचा आकडा फार लागतो. कार्यकर्त्यांना दहा-दहा तिकिटांची क्रमांक घातलेली पुस्तकं द्या, आणि वहीत तीन रकाने ठेवा: दिलेली, विकलेली, पैसे जमा. बहुतेक मंडळांत पहिला रकानाच विक्री समजला जातो. ‘आपली अडीचशे गेली’ असं सगळे म्हणत असतात, आणि कार्यक्रमाच्या सकाळी सत्तर तिकिटं कोणाच्या तरी खिशातून परत येतात. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी न विकलेली सगळी परत मागवा आणि फक्त जमा झालेल्या पैशांवरून मोजा. तेव्हा शंभराच्याही खाली असाल, तर अजून कमी करता येईल असं काय उरलंय ते त्याच संध्याकाळी बघा. मानधन दिलेल्या शब्दाचं आहे, त्याला हात लावू नका. ताटांची संख्या कमी सांगता येते, सजावट आटोपशीर करता येते, आणि शाळेच्या सभागृहात वीज गेल्यास पर्यायी सोय आधीच असेल तर जनरेटरचे ४,००० वाचतात.

समितीच्या बैठकीत तिकिटाचा एकच आकडा घेऊन जाऊ नका, नाहीतर चर्चा तुमच्यावर आणि अध्यक्षांवर येईल. एका कागदावर तीन ओळी लिहून न्या. मोठं सभागृह, ३०० तिकीट, १९७ विकावी लागतील. लहान सभागृह, २५० तिकीट, बयाणा बुडाल्यास १८८. लहान सभागृह, २०० तिकीट, २२७, आणि खुर्च्या पुरत नाहीत. प्रत्येक ओळीपुढे विचारा की एवढी तिकिटं कोण विकणार, आणि ज्याने हात वर केला त्याच्या नावापुढे त्याची संख्या लिहा. बेरीज १८८ पर्यंत गेली तर पुढे चला. गेली नाही तर सजावटीपासून कापायला त्याच बैठकीत सुरुवात करा, किंवा तूट कोण आणि किती सोसणार हे नावानिशी लिहून घ्या, म्हणजे गेल्या वर्षीच्या त्या तिघांवर पुन्हा वेळ येणार नाही.

आणि कार्यक्रमाच्या रात्री, सगळे भरीत खात असतील तेव्हा, वहीच्या शेवटच्या पानावर चार आकडे लिहून ठेवा: पैसे देऊन आलेले किती, पासवर किती, ताटं किती उठली, किती उरली. सकाळपर्यंत थांबलात तर तीन जण चार वेगळे आकडे सांगतील.